स्वेटर घेताना आतली पट्टी वाचा

भोसरीहून एका भगिनीचे पत्र आले आहे. पत्र मोठे आहे, पण त्यातला मुद्दा आपल्या सगळ्यांच्या घरचा म्हणून थोडक्यात देते. त्या लिहितात : "ह्यांची कंपनी चाकणला. पहिली पाळी असली की पहाटे साडेपाचला मोटरसायकल काढतात. गेल्या वर्षी स्टॉलवरून जाडजूड स्वेटर आणला, तरी छातीत गारठा भरतो म्हणतात. सासूबाईंना संधिवात आहे, त्यांना स्वेटर टोचतो म्हणून घालत नाहीत. मुलगा पाचवीत. दुकानात गेले तर एक म्हणतो मेरिनो घ्या, दुसरा म्हणतो लॅम्ब्सवूल, तिसरा म्हणतो ॲक्रिलिक काही कमी ऊबदार नाही. तिघांसाठी मिळून पाच हजारांच्या वर जाता येणार नाही. काय घेऊ?"

ताई, तुमच्या पत्राचं उत्तर द्यायला मला सोपं गेलं, कारण तुमच्या घरातली माणसं थोड्याफार फरकाने माझ्याही घरात आहेत. आणि चुका म्हणाल तर त्या मी तुमच्या आधी करून ठेवल्या आहेत.

आधी आपली थंडी कशी आहे ते पाहू. पुण्याकडची हिवाळ्यातली पहाट बहुधा दहा-बारा अंशांची असते, काही दिवस पारा आठच्याही खाली उतरतो. पण दुपारी तोच पारा अठ्ठावीस-तीसवर जातो. म्हणजे काश्मीरसारखा दिवसभर अंगावर ठेवायचा स्वेटर आपल्याला नको असतो. पहाटेचे तीन-चार तास आणि रात्रीचे दोन-तीन तास, एवढ्यापुरताच तो हवा. मी सकाळच्या शाळेत अर्धवेळ शिकवते. सातला मुलं कानटोप्यांसकट कुडकुडत येतात आणि साडेदहाला सगळे स्वेटर बाकांवर पडलेले असतात. थंडी सरली की शाळेच्या ऑफिसात कोणी न्यायला न आलेल्या स्वेटरांचा ढीग साठतो. हे ध्यानात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

ऊब येते कुठून?

स्वेटरमध्ये स्वतःची अशी ऊब नसते. ऊब आपल्या अंगाची. स्वेटर फक्त विणीत आणि धाग्यांच्या मधे हवा अडवून धरतो, आणि ती अडलेली हवा अंगातली ऊब बाहेर जाऊ देत नाही. म्हणून धागा कोणताही असो, विणीत जेवढी हवा थांबेल तेवढा तो ऊबदार. सारख्या जाडीचा, सारख्या विणीचा ॲक्रिलिकचा आणि लोकरीचा स्वेटर घालून घरात नुसतं बसलं, तर सुरुवातीला दोघांत फारसा फरक कळणार नाही. तो तिसरा दुकानदार अगदीच खोटं बोलत नव्हता!

मग तुमच्या ह्यांना जाड स्वेटरमध्ये थंडी का वाजते? कारण मोटरसायकलवर समोरून येणारा वारा विणीच्या भोकांतून आत शिरतो आणि अडवून धरलेली हवा पार उडवून लावतो. तिथे मेरिनो असो की कॅशमिअर, सगळे हात टेकतात. पूर्वी स्कूटरवाले पुरुष स्वेटरच्या आत छातीवर वर्तमानपत्र घालायचे, आठवतं का? आमचे मामंजी तसंच करून फॅक्टरीत जायचे आणि आम्ही हसायचो. पण त्यात शहाणपण होतं. कागद वारा अडवतो, स्वेटर हवा धरतो. आज त्या कागदाची जागा पातळ विंडचीटरने घेतली आहे. स्वेटरच्या *वर* विंडचीटर घातला की साधा स्वेटरही दुप्पट काम करतो. बहुतेक घरांत पावसाळ्यातला एखादा विंडचीटर असतोच, तोच काढा. तेव्हा पहिली गोष्ट ही, की ह्यांच्या छातीतला गारठा अधिक महाग स्वेटरने जाणार नाही.

मग लोकरीला पैसे कशाचे?

लोकरीचा खरा गुण घाम आला की कळतो. पहाटे कुडकुडत निघालेला माणूस कंपनीत पोचून कामाला लागला, किंवा बसमध्ये दाटीत उभा राहिला, की त्याला घाम येतो. लोकर त्या घामाची वाफ धाग्याच्या आत ओढून घेते. स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्शाएवढा ओलावा तिच्यात मुरला तरी ती हाताला ओली लागत नाही. ॲक्रिलिक साध्या हवेत जेमतेम दोन टक्के ओलावा धरतं. म्हणजे घाम आतल्या शर्टातच राहतो, अंग चिकट होतं, आणि बाहेर पडून वारा लागला की तोच घाम गार पडतो. "स्वेटर घातला होता तरी थंडी वाजली" असं म्हणतो आपण, त्यातलं बरंचसं हे.

दुसरा गुण असा की लोकरीच्या तंतूला जन्मतःच कुरळेपणा असतो. दाबली तरी ती परत फुलते. ॲक्रिलिकला कारखान्यात कुरळेपणा दिलेला असतो. तो पहिल्या वर्षी छान फुगलेला दिसतो, मग धुण्यागणिक बसत जातो. स्वेटर चपटा झाला की हवा कमी धरतो. गेल्या वर्षीचा ॲक्रिलिकचा स्वेटर यंदा कमी ऊबदार वाटतो तो उगीच नव्हे.

टोचणं कशामुळे?

आता सासूबाईंचा प्रश्न. चाकणच्या, खेडच्या माळावर धनगरांचे वाडे उतरतात ते आपण पाहतो. त्यांच्या दख्खनी मेंढीच्या लोकरीची घोंगडी होते. पावसात, रानात ती घोंगडी सोन्यासारखी, पण उघड्या अंगावर घेऊन पाहा! तीही शंभर टक्के लोकरच आहे. म्हणजे नुसतं 'शुद्ध लोकर' म्हटल्याने मऊपणा येत नाही. मऊपणा तंतूच्या जाडीवर ठरतो.

ही जाडी मायक्रॉनमध्ये मोजतात. एक हजार मायक्रॉन म्हणजे एक मिलीमीटर. साधारण तीस मायक्रॉनहून जाड तंतूचं टोक त्वचेला लागलं तर वाकत नाही, ते टोचतं. त्याहून बारीक तंतू वाकतो आणि मऊ लागतो. एवढं कळलं की दुकानातली तिन्ही भारी नावं आपोआप उलगडतात.

*मेरिनो* ही मेंढीची जात. मूळची स्पेनची, आज मुख्यतः ऑस्ट्रेलियातली. तिची लोकर चोवीस मायक्रॉनच्या आतली, आणि अंगालगत घालायच्या चांगल्या स्वेटरात अठरा-एकोणीसच्या आसपासची. मेरिनोचं सूत बहुधा तंतू विंचरून, सरळ करून काढलेलं असतं. त्यामुळे स्वेटर पातळ, गुळगुळीत आणि अंगासरशी बसणारा होतो. साडीवर, शर्टावर शोभतो, पिशवीत घडी करून मावतो.

*लॅम्ब्सवूल* ही जात नव्हे. कोकराची पहिली कातरण म्हणजे लॅम्ब्सवूल. कोकरू सहा-सात महिन्यांचं असताना ती काढतात. आधी कधी कात्री लागलेली नसते, म्हणून केसाचं टोक निमुळतं असतं आणि हाताला मऊ लागतं. पण कोकरू कोणत्या जातीचं हे लेबल सांगत नाही, त्यामुळे एक लॅम्ब्सवूल लोण्यासारखं तर दुसरं थोडं खरखरीत निघू शकतं. याचं सूत बहुधा फुगीर काढतात. त्यात हवा जास्त थांबते, म्हणून मेरिनोच्या पातळ स्वेटरपेक्षा लॅम्ब्सवूलचा स्वेटर सहसा अधिक ऊबदार आणि किमतीला थोडा उतरता.

*कॅशमिअर* मेंढीचं नव्हेच, शेळीचं. लडाखच्या चांगथांग पठारावर पारा उणे तीसच्याही खाली जातो. तिथल्या शेळ्यांना जाड केसांखाली कापसासारखी लव येते आणि वसंतात ती विंचरून काढतात. तीच पश्मीना. ही लव साधारण बारा ते पंधरा मायक्रॉनची. एका शेळीची वर्षाची लव साफ करून शंभर-दीडशे ग्रॅमच्या वर क्वचित जाते, म्हणजे एका स्वेटरला दोन-तीन शेळ्यांची वर्षाची लव लागते. महागाईचं कारण हे! वजनाच्या मानाने ती फार ऊबदार हे खरं. पण तीन-चार तासांच्या आपल्या थंडीला ती कशाला? शिवाय ती नाजूक. बाही जिथे घासते तिथे लवकर गोळ्या धरते.

*ॲक्रिलिक* रसायनापासून केलेला धागा, १९५० साली अमेरिकेत बाजारात आला. रंग सुरेख, टोचत नाही, कसर लागत नाही, धुवायला सोपा आणि स्वस्त. आपल्या आयांनी विणलेले कितीतरी स्वेटर याचेच. तेव्हा त्याला 'कॅशमिलॉन' म्हणत. हे नाव मात्र फसवं बरं का! ते एका जपानी कंपनीच्या ॲक्रिलिक धाग्याचं व्यापारी नाव होतं. कॅशमिअरशी त्याचा संबंध नावापुरताच. मी स्वतः एकदा सेलमध्ये 'कॅशमिअर टच' असं सोनेरी अक्षरात लिहिलेली शाल साडेनऊशेला घेऊन मोठ्या तोऱ्यात वन्संना भेट दिली. वन्संनी घरी जाऊन आतली पट्टी वाचली : ॲक्रिलिक शंभर टक्के. त्या काही बोलल्या नाहीत, पण मला अजून लाज वाटते.

स्वयंपाकघर आणि ठिणगी

आता जे सांगते ते किमतीपेक्षाही महत्त्वाचं आहे. ॲक्रिलिक आगीजवळ लवकर पेट घेतं, आणि पेटलं की वितळतं. वितळलेला थेंब कातडीला चिकटतो आणि तिथेच भाजत राहतो. लोकर सहजासहजी पेटत नाही. पेटलीच तर ज्योत दूर नेल्यावर बहुधा आपोआप विझते, वितळत नाही, तिची ठिसूळ राख होते.

म्हणून पहाटे अंधारात गॅसपाशी डबा करणाऱ्या बाईने सैल बाह्यांचा ॲक्रिलिकचा स्वेटर किंवा खांद्यावरून लोंबणारी तसली शाल घालू नये. स्वेटर ॲक्रिलिकचाच असेल तर बाह्या कोपरापर्यंत वर सारा, पदर कमरेला घट्ट खोचा. देवापुढे निरांजन लावणाऱ्या वयस्कर बायकांनाही हेच. आणि आपल्या पट्ट्यातल्या घरांसाठी आणखी एक गोष्ट. भोसरी, पिंपरी, चाकणच्या शॉपमध्ये वेल्डिंग, ग्राइंडिंग, कटिंग चालतं. अशा कामावर ॲक्रिलिकचा स्वेटर आत असेल तर एक ठिणगी वरच्या कपड्यातून आत गेली तरी वितळलेला धागा अंगाला लागू शकतो. कंपनीने दिलेला ॲप्रन आणि कपडे तर हवेतच, लोकर ही काही त्यांची जागा घेत नाही. पण आत घालायचाच तर सुती किंवा लोकरीचा घालावा, ॲक्रिलिक लॉकरमध्ये काढून ठेवावं.

कुणाला असं भाजलंच, तर चिकटलेला कपडा ओढून काढू नका. कातडी सोबत निघते. नळाचं साधं पाणी वीस मिनिटं सोडत राहा आणि मग डॉक्टरकडे न्या. बर्फ नको, टूथपेस्ट नको.

दुकानात काय पाहाल?

दिवाळीनंतर तिबेटी मंडळींचे स्टॉल लागतात. पुष्कळ बायकांना वाटतं हा माल तिबेटहून येतो. तसं नाही. हे विक्रेते बहुतांशी लुधियानाहून माल उचलतात, आणि दुकानातलाही पुष्कळ माल तिकडचाच असतो. तेव्हा 'स्टॉलवरचं ते अस्सल' किंवा 'दुकानातलं तेच खरं', दोन्ही समज सोडून द्या आणि स्वेटर उलटा करा.

बाजूच्या शिवणीत किंवा मानेशी पट्टी असते. तिच्यावर धाग्याचं नाव आणि टक्के लिहिलेले असतात. पाटीवरचा 'वुलन' हा शब्द काही सांगत नाही, बाजारात तो कोणत्याही विणलेल्या गरम कपड्याला लावतात. पट्टीवर 'वूल ३० टक्के, ॲक्रिलिक ७० टक्के' असेल तर तो मुख्यतः ॲक्रिलिकचाच स्वेटर समजा आणि लोकरीचा भाव देऊ नका. लोकरीचे गुण अंगाला जाणवायला निम्म्याहून अधिक लोकर हवी, असा माझा अनुभव. '५ टक्के कॅशमिअर' हे तर केवळ नाव लिहिता यावं म्हणून घातलेलं असतं. लोकरीच्या लडीसारखं दिसणारं वूलमार्कचं चिन्ह १९६४ पासून चालत आलं आहे. 'प्युअर न्यू वूल' या शब्दांसह ते असेल तर माल नव्या शुद्ध लोकरीचा. पट्टीच नसेल तर ॲक्रिलिक धरून भाव करावा, म्हणजे फसायला होत नाही.

मग तीन गोष्टी हाताने करा. स्वेटर ट्यूबलाइटसमोर धरा : भोकांतून उजेड सरळ दिसला तर वीण विरळ आहे, हवा थांबणार नाही. मनगटाची पट्टी ताणून सोडा : लगेच मिटली पाहिजे, ढिली राहिली तर महिन्याभरात लोंबेल. शेवटी स्वेटर तळहाताला न लावता मानेला, कानाखाली लावा आणि दोन मिनिटं थांबा. तळहाताची कातडी जाड असते, टोचणं तिला कळत नाही. सासूबाईंना बरोबर न्या आणि त्यांच्याच मानेला लावून पाहा.

शंका राहिली तर घरी जाळून पाहता येतं. बटणाच्या पुडीत बहुधा धाग्याचा छोटा तुकडा दिलेला असतो. मुलांना लांब ठेवा, स्टीलची ताटली आणि पाण्याचा तांब्या घेऊन धागा चिमट्यात धरा आणि ताटलीवर काडी लावा. केस जळल्यासारखा वास आला, ज्योत काढताच विझला आणि बोटाने चुरडणारी राख झाली, तर लोकर. काळा धूर काढत जळत राहिला आणि थंड झाल्यावर टणक काळा मणी उरला, तर ॲक्रिलिक. दोन्ही खुणा दिसल्या तर मिश्रण. मात्र मेरिनो, लॅम्ब्सवूल आणि कॅशमिअर हे तिन्ही प्राण्यांचे केस, ते सारखेच जळतात. त्यांतला भेद काडीने कळत नाही, आणि टक्केही कळत नाहीत.

आता पाच हजारांचा हिशोब

या हिवाळ्यात मी चिंचवड आणि पिंपरीत फिरून जे भाव विचारले ते असे : पूर्ण बाह्यांचा ॲक्रिलिकचा स्वेटर पाचशे ते नऊशे, निम्म्याहून अधिक लोकर असलेलं मिश्रण बाराशे ते दोन हजार, शुद्ध लॅम्ब्सवूल दोन हजारांपासून वर, मेरिनो अडीच हजारांपासून वर, आणि कॅशमिअर दहा-बारा हजारांच्या पुढेच. तुमच्याकडे थोडंफार इकडेतिकडे होईल.

मुलाला ॲक्रिलिक घ्या, साडेसहाशेपर्यंतचा. पाचवीतला मुलगा पुढच्या वर्षी त्यात मावणार नाही, आठवड्यातून दोनदा धुवावा लागेल, आणि हरवला तर जीव हळहळणार नाही. शाळेतला तो ढीग मी सांगितलाच! फक्त घरात फटाके, शेकोटी असेल तेव्हा तो काढायला लावा.

ह्यांना मिश्रणाचा स्वेटर, सत्तर टक्के लॅम्ब्सवूल असलेला, अठराशे-एकोणीसशेपर्यंत. रोजच्या घासण्याला उरलेला तीस टक्के कृत्रिम धागा थोडी बळकटी देतो. गळा बंद असावा. वर घरचा विंडचीटर, गळ्यात मफलर. वेल्डिंगवर काम असेल तर मात्र शंभर टक्के लोकरीचाच बघा आणि बाकीच्यात काटकसर करा.

सासूबाईंना मेरिनोचा पातळ, पुढून बटणांचा स्वेटर. डोक्यातून घालायचा नको, सांधे दुखणाऱ्या माणसाला हात वर करणं जड जातं. बटणं मोठी बघा. त्या देवापाशी बसतात, तेव्हा ॲक्रिलिक नकोच. चोवीसशेपर्यंत सांगा. मोसम संपताना, जानेवारीच्या शेवटी, हेच तुकडे उतरत्या भावात मिळतात, पण तोवर त्यांनी थंडी काढायची का, हे तुम्ही ठरवा.

साडेसहाशे, एकोणीसशे आणि चोवीसशे, एकूण चार हजार नऊशे पन्नास. ॲक्रिलिक दोन हिवाळ्यांत चपटा होतो, मेरिनो नीट सांभाळला तर सात-आठ वर्षं टिकतो. चोवीसशेला आठांनी भागलं तर वर्षाला तीनशे पडतात, आणि साडेसहाशेला दोघांनी भागलं तर सव्वातीनशे. म्हणजे मोठ्या माणसाला, ज्याचं माप बदलत नाही, त्याला लोकर महाग पडत नाही. वाढत्या मुलाला पडते.

पण सांभाळलात तर!

ते सात-आठ वर्षांचं गणित धुण्यावर अवलंबून आहे. लोकरीच्या तंतूवर माशाच्या खवल्यांसारखे बारीक खवले असतात. गरम पाण्यात घुसळले की ते एकमेकांत अडकतात आणि सुटत नाहीत. लग्नानंतरच्या दुसऱ्या वर्षी ह्यांचा नवा लॅम्ब्सवूलचा स्वेटर मी मशीनमध्ये बाकीच्या कपड्यांबरोबर टाकला. बाहेर आला तो सहा वर्षांच्या मुलाला बसेल एवढा, आणि घोंगडीसारखा घट्ट. तो परत मोठा होत नाही, कोणी काही सांगितलं तरी.

गार किंवा अगदी कोमट पाण्यात लोकरीसाठीचा सौम्य द्रव साबण घाला. रोजच्या पावडरीत डाग काढायला जे एन्झाइम असतात ते लोकरही खातात. पाच-दहा मिनिटं बुडवून हाताने नुसतं दाबा, चोळू नका, पिळू नका. पंचात गुंडाळून दाबलं की पाणी निघतं. दोरीवर टांगू नका, ओल्या वजनाने लांबतो. सावलीत सपाट पसरा. आणि फार वेळा धुऊच नका. आतून शर्ट असेल तर रात्री हवेवर टाकलेला लोकरीचा स्वेटर दोन-तीन आठवडे सहज चालतो.

ॲक्रिलिकला आटण्याचं भय नाही, पण त्याला उकळतं पाणी आणि गरम इस्त्री चालत नाही. एकदा गरम होऊन सैल पडला की कायमचा सैल.

फेब्रुवारीत थंडी गेली की लोकरीचा स्वेटर धुऊन, कडकडीत वाळवूनच आत ठेवा. कसर नव्या लोकरीपेक्षा घामाच्या, तेलकट डागांच्या जागी आधी लागते. झाकण घट्ट बसणारा डबा, त्यात कागदात गुंडाळलेल्या दोन डांबरगोळ्या, आणि पावसाळ्यानंतर एकदा काढून ऊन दाखवणं, एवढं पुरतं. डांबरगोळ्या लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका, आणि पुढच्या वर्षी घालण्याआधी स्वेटर दिवसभर वाऱ्यावर ठेवा.

भोसरीच्या ताई, खरेदी झाली की कळवा. सासूबाईंना स्वेटर टोचतो की नाही, हे मला विशेष ऐकायचं आहे. आणि ह्यांना म्हणावं, विंडचीटर आतून नव्हे, वरून घाला!